पोटावरची पिशवी : घरी जाण्यापूर्वी काय शिकावे?

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या काही आजारांत शस्त्रक्रियेनंतर आतड्याचे टोक पोटावर आणून तेथे शौचासाठी नवी वाट करावी लागते. यालाच कोलोस्टॉमी म्हणतात. पोटावर दिसणाऱ्या आतड्याच्या तोंडाला ‘स्टोमा’ असा शब्द आहे. स्टोमावर आपला ताबा नसल्याने शौच केव्हाही होते आणि ते धरण्यासाठी त्यावर पिशवी लावावी लागते. शस्त्रक्रिया शहरात होते, पण पिशवी आयुष्यभर घरीच बदलायची असते. म्हणून रुग्णाला घरी सोडण्यापूर्वीच ही विद्या त्याच्या हाताला बसली पाहिजे.

आमच्या भागातील एका अठ्ठावन्न वर्षांच्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. गुदाशयाच्या कर्करोगामुळे त्यांचे गुदद्वार काढून पोटाच्या डाव्या बाजूस कायमची कोलोस्टॉमी केली होती. रुग्णालयात त्यांना चार टप्प्यांत शिकवले गेले. पहिल्या दिवशी फक्त स्टोमा पाहायचा व त्याला बोट लावायचे, म्हणजे भीती मोडते. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी करायची. तिसऱ्या दिवशी नर्सबाई पिशवी बदलतात ते पती-पत्नी दोघांनी पाहायचे. चौथ्या दिवशी रुग्णाने स्वतः बदलायची आणि नर्सबाईंनी नुसते पाहायचे. एकदा जमले म्हणजे झाले असे नाही. निदान दोनदा स्वतःच्या हाताने केल्याखेरीज घरी जाऊ नये. घरच्या एका माणसालाही ते आलेच पाहिजे.

पिशवी बदलण्यास सकाळची, चहा-न्याहारीपूर्वीची वेळ उत्तम, कारण त्या वेळी आतडे शांत असते. नवी पिशवी, कात्री, मापाचे कार्ड, पेन, कोमट पाणी, मऊ सुती फडकी आणि जुनी पिशवी टाकण्यासाठी प्लास्टिकची थैली हे सर्व आधी हाताशी मांडावे. जुनी पिशवी रिकामी करून वरच्या कडेपासून सावकाश सोडवावी. एका हाताने कातडी दाबून धरावी, पिशवी ओरबाडू नये. नंतर स्टोमा व भोवतालची कातडी साध्या कोमट पाण्याने पुसावी. डेटॉल, स्पिरिट, खोबरेल तेल, पावडर यांपैकी काहीही लावू नये. तेलकट कातडीवर पिशवी धरत नाही आणि जंतुनाशकाने कातडी सोलते. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नये. स्टोमाचे आवरण गालाच्या आतल्या बाजूसारखे नाजूक असते. कातडी टिपून अगदी कोरडी करावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, माप. पिशवीला मागे एक चिकटणारी चकती असते आणि तिच्यात स्टोमाच्या मापाचे भोक कापायचे असते. हे भोक स्टोमापेक्षा सगळीकडून एखाद-दीड मिलिमीटर मोठे, म्हणजे एकूण दोन ते तीन मिलिमीटर अधिक असावे. भोक फार मोठे झाले तर मधली कातडी उघडी राहते, तिच्यावर शौच साचते आणि ती भाजल्यासारखी होते. भोक लहान झाले तर चकतीची कड स्टोमाला कापते. स्टोमाला दुखण्याची जाणीव नसते, म्हणून हे रुग्णाला कळतही नाही. भोक कापून झाल्यावर चकती दोन तळहातांत धरून थोडी गरम करावी, खालच्या कडेपासून वर लावत यावे आणि तळहाताने दोन-तीन मिनिटे दाबून धरावी. शेवटी पिशवीच्या तळाचा चिमटा लावण्यास विसरू नये.

हे शेतकरी घरी गेले तेव्हा स्टोमा ३८ मिलिमीटर होता व भोक ४० मिलिमीटरचे कापत. तीन आठवड्यांनी ते माझ्याकडे आले. पिशवी दुसऱ्याच दिवशी गळू लागे, स्टोमाच्या खालची कातडी लालभडक व ओली झाली होती आणि आग होत होती. पिशवीच वाईट निघाली असे त्यांना वाटत होते. त्यांची पत्नी म्हणाली, “साहेब, दवाखान्यातून दिलेला कागद ठेवूनच कापतो की!” दोष त्या कागदातच होता. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढील सहा ते आठ आठवडे तो आकसत जातो. मी मोजला तेव्हा तो ३२ मिलिमीटर भरला. नवे भोक ३४ मिलिमीटरचे कापले, ओल्या कातडीवर स्टोमासाठी मिळणारी खास पावडर भुरभुरून जादा झटकून टाकली आणि पिशवी लावली. आठवड्यात कातडी कोरडी झाली व पिशवी चार दिवस टिकू लागली. म्हणून पहिले दोन महिने दर वेळी नवे माप घ्यावे आणि जुना कागद फाडून टाकावा.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, नाहीतर तिच्या वजनाने चकती सुटते. बदलणे मात्र साधारण तीन-चार दिवसांनी पुरते. खाज सुटली, आग झाली किंवा गळती दिसली तर त्याच वेळी बदलावी. गळतीवर वरून चिकटपट्टी लावणे म्हणजे घाण कातडीवर कोंडून ठेवणे होय.

आता आहार. पिशवी भरू नये म्हणून पुष्कळ रुग्ण जेवणच तोडतात. त्याने शौच थांबत नाही, उलट रिकाम्या आतड्यात वायू वाढतो व अशक्तपणा येतो. डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीत बहुतेक मोठे आतडे शाबूत असते, म्हणून शौच जवळजवळ नेहमीसारखे घट्ट होते आणि पथ्यही थोडेच लागते. पहिले चार ते सहा आठवडे मऊ भात, वरण, दुधी, दही, केळे असे हलके अन्न दिवसातून चार वेळा थोडे थोडे, ठराविक वेळी घ्यावे. नंतर भाकरी, पालेभाजी, उसळ हे पदार्थ एका वेळी एकच सुरू करावेत आणि दोन-तीन दिवस पाहावे. त्रास झाला तर तो पदार्थ महिनाभर थांबवून पुन्हा करून पाहावा, कायमचा सोडू नये. कोबी, मुळा, कांदा, वाटाणा व सोड्याच्या बाटल्यांनी वायू होतो. अंडी, मासळी व लसणाने वास वाढतो. ताकाने अनेकांना आराम पडतो. शौच फार घट्ट झाले तर पाणी वाढवावे, पपई व पालेभाजी घ्यावी. पातळ झाले तर भात, केळे, साबुदाण्याची पेज घ्यावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लहान आतड्याची पिशवी असेल तर हे पथ्य लागू नाही. तिची गोष्ट वेगळी.

निरोगी स्टोमा लाल व ओलसर दिसतो. तो जांभळा किंवा काळा पडला, रक्त थांबेना, किंवा पोट दुखून उलट्या होऊ लागल्या आणि पिशवीत शौच वा वायू येणे बंद झाले, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पिशव्या ठेवता त्या डब्याच्या झाकणावर एक कागद चिकटवावा. त्यावर तारीख, त्या दिवशीचे स्टोमाचे माप, कापलेल्या भोकाचे माप व पिशवी किती दिवस टिकली, एवढे चार रकाने पुरेत. तपासणीस येताना तो कागद आणि एक कोरी पिशवी बरोबर आणावी.