पान म्हणतं, ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय’

नोव्हेंबर २०२२मध्ये प्रूफपॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीने जाहीर केलं, की अमेरिकेतल्या अडीचशेहून जास्त वृत्तपत्रांच्या साइट्सवरून वाचकांना खोटे अपडेट वाटले जाताहेत. त्यासाठी चोरट्यांना एकेक वृत्तपत्र फोडत बसावं लागलं नव्हतं. या साइट्सना व्हिडिओ आणि जाहिराती पुरवणारी एक कंपनी होती. तिच्याकडून साइट्सवर जाणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये त्यांनी आपल्या चार ओळी घुसडल्या, आणि माल सगळीकडे आपोआप पोचला.

या टोळीच्या प्रकाराला जाणकार ‘सॉकघोलिश’ म्हणतात. ‘फेकअपडेट्स’ हे त्याचंच दुसरं नाव. २०१७-१८पासून तो चालू आहे. ‘भलत्यासलत्या साइटवर जाऊ नका’ हा आपला नेहमीचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही, कारण फसवं पान चांगल्या, खऱ्या साइटवरच उगवतं.

समजा, एखाद्या कारखान्याच्या हिशेब विभागातल्या बाई गुगलवर भाडेकराराचा नमुना शोधताहेत. तिसऱ्या क्रमांकाची साइट एका छोट्या वकिली फर्मची आहे. ती वर्डप्रेसवर बांधलेली आहे, मालकाने वर्षभर तिच्याकडे पाहिलेलं नाही, आणि कुणीतरी मागच्या दाराने आत शिरून ठेवलंय. बाईंनी लिंक उघडताच त्या घुसडलेल्या ओळी आधी पाहुण्याची चौकशी करतात. विंडोज आहे ना? सर्च इंजिनवरून आलाय ना? पहिल्यांदाच येतोय ना? आणि मुख्य म्हणजे, हा साइटचा मालक तर नाही? मालक लॉगिन झालेला असेल तर काहीच घडत नाही, त्याला आपली साइट नेहमीसारखी दिसते.

बाई या चाळणीतून पार पडतात. मसुद्याऐवजी पूर्ण पानभर क्रोमचं बोधचिन्ह येतं, खाली ‘तुम्ही जुनी आवृत्ती वापरत आहात’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि एक ठसठशीत बटण. त्या फायरफॉक्स वापरत असत्या तर फायरफॉक्सचं चिन्ह आलं असतं. ‘माझा ब्राउझर याला बरोबर ठाऊक आहे, म्हणजे खरंच असणार,’ असं इथे अनेकांना वाटतं. पण प्रत्येक ब्राउझर प्रत्येक साइटला आपलं नाव आणि आवृत्ती स्वतःहूनच सांगत असतो. ते ओळखायला काहीच अक्कल लागत नाही.

बटण दाबल्यावर एक फाइल उतरते, बहुधा `Update.js` किंवा तीच फाइल पोटात असलेली झिप. काही वेळा तिच्या नावातली एखाददोन अक्षरं रशियन लिपीतली असतात. डोळ्यांना ती इंग्रजीच दिसतात, पण ‘Chrome’ हा शब्द शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाहीत. विंडोज नेहमीच्या फाइलींची शेपटी लपवत असल्यामुळे बाईंना `.js` दिसतच नाही, नुसतं ‘Update’ दिसतं. दोनदा क्लिक केल्यावर पडद्यावर काहीच होत नाही. ‘झालं वाटतं अपडेट’ म्हणून त्या कामाला लागतात.

आत मात्र विंडोजचाच स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम ती फाइल चालवत असतो. संगणकाचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, काय काय चालू आहे आणि तो कंपनीच्या नेटवर्कला जोडलेला आहे का, एवढी माहिती बाहेर जाते. घरचा एकटादुकटा संगणक असेल तर त्यावर दुरून ताबा घेण्याचं किंवा पासवर्ड चोरण्याचं साधन टाकलं जाऊ शकतं. कंपनीचा निघाला तर तो हिरा. जून २०२०मध्ये सिमँटेकने किमान एकतीस संस्थांवरचे वेस्टेडलॉकर या खंडणीखोर प्रोग्रॅमचे हल्ले उघड केले. त्यांची सुरुवात अशाच खोट्या अपडेटपासून होती, आणि ते वाटण्यासाठी दीडशेच्या आसपास खऱ्या साइट्स फोडलेल्या होत्या.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? शुद्धलेखनाच्या चुका शोधणं सोडून द्या. ही पानं आता अगदी नीटनेटकी असतात. सूचना कशी दिसते यापेक्षा ती कुठून आली ते पाहावं. ब्राउझरच्या खिडकीचे दोन भाग असतात. वरची पट्टी, म्हणजे टॅब, पत्ता आणि उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, ही ब्राउझरची स्वतःची जागा. खालचा सगळा मोकळा भाग साइटचा, तिथे साइट वाटेल ते रंगवू शकते. क्रोम आपलं अपडेट मागच्या मागे उतरवून घेतो आणि सांगायचं असेल ते तीन ठिपक्यांपाशी सांगतो. अपडेट येऊन दोनेक दिवस झाले की हिरवी खूण, चारेक दिवसांनी नारिंगी, आठवडा उलटला की लाल. अलीकडे तिथे शब्दही दिसतात. तुम्ही करायचं एवढंच, की ब्राउझर बंद करून पुन्हा चालू करायचा. डाउनलोड्समध्ये फाइल येत नाही आणि उघडायला काही उरत नाही. ‘अपडेट’ म्हणून साइटने हातात फाइल ठेवली, की ते अपडेट नव्हे. भाजीवाल्याने भाजी तोलता तोलता गाडीचं ऑइल बदलून देऊ का विचारावं, तसलाच तो प्रकार.

शंका आलीच तर ते पान बंद करा आणि पत्त्याच्या जागी स्वतः हे टाइप करा:

```
chrome://settings/help
```

इथे क्रोम स्वतः तपासून सांगतो, की आवृत्ती ताजी आहे की नाही. फायरफॉक्समध्ये हेच काम मदतीच्या मेनूतल्या ‘अबाउट फायरफॉक्स’मध्ये होतं, आणि विंडोजचं त्याच्या सेटिंग्जमध्ये.

याला दोन अपवाद सांगायला हवेत. एखादी बँक खरोखरच ‘हा ब्राउझर चालणार नाही’ म्हणते, पण ती नुसतं सांगते आणि थांबते. दुसरं म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारं पान वरची पट्टीसुद्धा चितारून दाखवू शकतं. Esc किंवा F11 दाबलं की खरी पट्टी वर येते.

२०२४पासून आणखी एक सोंग फोफावलंय. तिथे फाइल नसते. पान सांगतं, ‘विंडोजची कळ आणि R दाबा, मग Ctrl+V, मग एंटर.’ पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर गुपचूप ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. खऱ्या अपडेटला याची कधीच गरज पडत नाही.

फाइल नुसती उतरली असेल आणि उघडली नसेल, तर पुसून टाका, बहुतेकदा तेवढं पुरतं. उघडली असेल तर आधी वायफाय किंवा केबल काढा आणि कार्यालयात संगणक बघणाऱ्याला लगेच सांगा. बोलणी बसतील म्हणून गप्प राहिलात तर तेवढा वेळ चोराला मिळतो. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. घरचा संगणक असेल तर विंडोज नव्याने टाकणं बरं. पैसे गेले असतील तर १९३०वर फोन करा.

आणि ज्या साइटवर हे दिसलं तिच्या मालकाला कळवताना पडद्याचा फोटो आणि वेळ जरूर द्या. तो आपल्या संगणकावर साइट उघडून पाहील आणि म्हणेल, ‘माझ्याकडे तर सगळं ठीक चाललंय.’ तो खोटं बोलत नसतो, त्याला ते दिसतच नाही. तुम्ही खात्री करायला दुसऱ्यांदा तिथे गेलात, तर बहुधा तुम्हालाही दिसणार नाही.