पट्टीवर न दिसणारे प्रथिन : मल्टिपल मायलोमा आणि वृक्क

कटिशूल घेऊन येणाऱ्या साठीच्या रुग्णाच्या लघवीच्या अहवालात ‘प्रथिन : अत्यल्प’ असे वाचले की आपण निर्धास्त होतो. एका व्याधीत मात्र हाच अहवाल आपली दिशाभूल करतो. ती कशी होते, हे समजण्यासाठी दृष्टांतादाखल एक रुग्ण घेऊ.

लालबागमधील ६२ वर्षांचे एक गृहस्थ. तीन महिन्यांपासून कंबर दुखत होती. औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या स्वतःच घेऊन ते काम चालवीत होते. पुढे थकवा, मलावरोध आणि वारंवार तहान ही लक्षणे आली. हिमोग्लोबिन ८.२ ग्रॅम. पाच आठवड्यांपूर्वी १.३ असलेले क्रिएटिनिन आता ४.१. सोनोग्राफीत दोन्ही वृक्के नेहमीच्या आकाराची. मूत्रपरीक्षणाच्या पट्टीवर प्रथिन अत्यल्प. परंतु २४ तासांच्या मूत्रातील एकूण प्रथिन ५.८ ग्रॅम आणि त्यात अल्ब्युमिन जेमतेम ०.४ ग्रॅम.

या विसंगतीतच निदान दडलेले आहे. पट्टी मुख्यत्वे अल्ब्युमिन ओळखते. मायलोमात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि प्रतिपिंडांचे ‘लाइट चेन’ नावाचे सुटे तुकडे रक्तात सोडतात. ते पट्टीला दिसत नाहीत. सल्फोसॅलिसिलिक आम्ल घातल्यास मात्र मूत्र गढूळ होते. लंडनमध्ये १८४५ साली हेन्री बेन्स जोन्स यांनी तपासलेले मूत्र याच प्रकारचे होते. म्हणूनच या प्रथिनास त्यांचे नाव मिळाले.

हे तुकडे लहान असल्याने वृक्कातील गाळणीतून सहज उतरतात. थोडे असतील तर आरंभीच्या मूत्रनलिका ते शोषून घेतात. प्रमाण वाढले की ते पुढच्या नलिकांत वाहत जातात, तेथील युरोमोड्युलिन या प्रथिनाशी चिकटतात आणि त्यांचे घट्ट गोळे, म्हणजेच ‘कास्ट’, बनून मार्ग तुंबतो. भोवती दाह होतो आणि कालांतराने तेथे कायमचे व्रण पडतात. शरीरातील जलांश कमी झाला, रक्तातील कॅल्शियम वाढले किंवा वेदनाशामके चालू राहिली, तर ही क्रिया वेगाने घडते.

आमच्या रुग्णाचे कॅल्शियम अहवालात १०.८ होते, परंतु अल्ब्युमिन ३.६ असल्याने ते सुधारून वाचावे लागते. चारातून ३.६ वजा करून उरलेल्या ०.४ ला ०.८ ने गुणले व मूळ आकड्यात मिळवले की ११.१ येते, म्हणजे वाढलेलेच. एकूण प्रथिन ६.८, म्हणजे ग्लोब्युलिन ३.२, हे मात्र सर्वसाधारणच होते. केवळ लाइट चेन स्रवणाऱ्या प्रकारात असे होऊ शकते. ग्लोब्युलिन वा ईएसआर वाढलेला नाही म्हणून मायलोमा नाही, असे समजू नये. रक्तातील मुक्त लाइट चेन तपासल्यावर कप्पा ४२०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि लॅम्ब्डा १२ आढळली. मुक्त लाइट चेनचे प्रमाण १५०० च्या वर असता वृक्कातील कास्टचा संशय बळावतो. अस्थिमज्जेच्या परीक्षणाने मायलोमाचे निदान पक्के झाले.

उपचारांत पहिले काम वेदनाशामके बंद करणे आणि पुरेसे द्रव देणे हे होय. हृदय व मूत्रप्रवृत्ती यांनी साथ दिली तर दिवसाला सुमारे तीन लिटर द्रव दिले जाते. त्याच आठवड्यात बोर्टेझोमिब, डेक्सामेथॅसोन व सायक्लोफॉस्फमाइड सुरू झाले. बोर्टेझोमिबची मात्रा वृक्कविकारामुळे कमी करावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आता शक्य तेथे डाराटुमुमॅबही जोडतात. तीन आठवड्यांत लाइट चेन किमान ६० टक्क्यांनी घटली तर वृक्क सावरण्याची शक्यता बरीच वाढते. या रुग्णात ती १२६० पर्यंत, म्हणजे ७० टक्क्यांनी उतरली आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.८ वर आले. ते पूर्ववत झाले नाही. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर कदाचित कायमचे डायलिसिस पदरी आले असते.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निघतात. पन्नाशीपुढील रुग्णास न हटणारा अस्थिशूल व पांडुता एकत्र असतील, तर आधी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि मूत्रातील एकूण प्रथिन व अल्ब्युमिन ही दोन्ही पाहावीत. ती हाती येईपर्यंत विरेचन किंवा निरूह बस्ती देऊ नये, कारण द्रवक्षयाने कास्ट वाढतात. जोराचे मर्दनही टाळावे, कारण पोखरलेला कशेरुक मोडू शकतो. औषध दुकानदारांनी अशा रुग्णास वेदनाशामकाचे दुसरे पाकीट देण्यापूर्वी तपासणीचा आग्रह धरावा.

संशय आला की रुग्णास त्याच दिवशी रक्तविकार व वृक्कविकार पाहणाऱ्या रुग्णालयाकडे धाडावे. परळला टाटा मेमोरियल आणि केईएम ही दोन्ही रुग्णालये गिरगाव व दादरच्या रुग्णांच्याही आवाक्यातली आहेत. सोबतच्या चिठ्ठीत क्रिएटिनिनचे जुने व नवे आकडे आणि चालू असलेली सर्व औषधे, आपली धरून, स्पष्ट लिहावीत.