खराब झालेल्या झिप संचिकेतील मजकुराची पुनर्प्राप्ती

'''खराब झालेल्या झिप संचिकेतील मजकुराची पुनर्प्राप्ती''' म्हणजे संगणकाला उघडता न येणाऱ्या झिप संचिकेतून (फाइलमधून) अथवा झिपवर आधारित दस्तऐवजातून शाबूत राहिलेला भाग बाहेर काढण्याची क्रिया होय. यासाठी बहुधा वेगळी आज्ञावली विकत घ्यावी लागत नाही. वर्ड, लिबरऑफिस, सेव्हन-झिप तसेच लिनक्स व मॅक प्रणालींतील `zip` या आज्ञेत ही सोय अंतर्भूत असते.

== झिप संचिकेची रचना ==

झिप हे स्वरूप फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर या कंपनीने १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. कॅट्झ यांच्या नावाची `PK` ही आद्याक्षरे आजही प्रत्येक सामान्य झिप संचिकेच्या आरंभी आढळतात.

झिपमध्ये ठेवलेला प्रत्येक घटक स्वतंत्रपणे संकुचित केला जातो. त्याच्या आधी त्याचे नाव व इतर माहिती असलेला एक छोटा शीर्षलेख येतो. सर्व घटक संपल्यावर संचिकेच्या अगदी शेवटी त्या सर्वांची एक एकत्रित सूची असते. कोणता घटक कोठे सुरू होतो हे त्या सूचीत नोंदलेले असते. नेहमीच्या आज्ञावल्या संचिका उघडताना प्रथम शेवटाकडे जाऊन ही सूची वाचतात.

अपुरी उतरवलेली किंवा नक्कल होत असताना पेन ड्राइव्ह काढून घेतल्यामुळे तुटलेली संचिका मुळीच उघडत नाही, याचे कारण या रचनेत आहे. अशा संचिकेचा शेवट नाहीसा झालेला असतो आणि त्याबरोबर सूचीही जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असावी आणि तेवढेच पान फाटावे, तशी ही स्थिती होय. विंडोज अशा वेळी संचिका अवैध असल्याचे सांगते, तर `unzip` ही आज्ञा `End-of-central-directory signature not found` असा संदेश देते. आतील बहुतेक प्रकरणे मात्र जागेवरच असतात.

== दस्तऐवजांशी संबंध ==

वर्ड २००७ पासून रूढ झालेले डॉकएक्स हे स्वरूप, तसेच लिबरऑफिसचे ओडीटी, ही दोन्ही वस्तुतः झिप संचिकाच आहेत. डॉकएक्समधील लेखनाचा मुख्य मजकूर `word/document.xml` या घटकात, तर चित्रे `word/media` या संचयात असतात. वर्डने साठवलेल्या दस्तऐवजात मजकुराचा घटक साधारणतः आरंभीच्या भागात येतो आणि चित्रे त्याच्या नंतर येतात. म्हणून शेवट तुटलेल्या दस्तऐवजातील चित्रे गेली तरी मजकूर पूर्ण मिळण्याची शक्यता चांगली असते.

== कार्यपद्धती ==

प्रथम खराब संचिकेची नक्कल करून सर्व प्रयोग त्या नकलेवरच करावे लागतात. दुरुस्तीचा प्रयत्न फसला आणि त्याच नावाने संचिका साठवली गेली, तर उरलेला भागही जाऊ शकतो.

वर्डमध्ये `Open` या संवादचौकटीत संचिका निवडून, `Open` कळीच्या शेजारील बाणावर टिचकी दिल्यास `Open and Repair` हा पर्याय दिसतो. लिबरऑफिस खराब दस्तऐवज उघडताना तो दुरुस्त करावा काय, असे स्वतःहून विचारते. एका आज्ञावलीला न जमलेले काम दुसरीला जमू शकते, म्हणून दोन्ही वापरून पाहणे इष्ट ठरते.

या दोन्ही उपायांनी काम झाले नाही, तर `zip` आज्ञेचा उपयोग होतो. तिच्यात दुरुस्तीचे दोन पर्याय आहेत. शेवटची सूची बऱ्याच अंशी शाबूत असेल तर `-F` पुरेसा असतो. सूची नाहीशी झाली असेल तर `-FF` वापरतात. हा पर्याय संचिकेच्या आरंभापासून एकेक शीर्षलेख शोधत जातो आणि सापडलेल्या घटकांची नवी सूची रचतो. विंडोजवर सेव्हन-झिप ही आज्ञावली अशी तुटलेली संचिका उघडून तीत सापडलेले घटक दाखवू शकते.

== उदाहरण ==

एका शालेय स्मरणिकेचा `smaranika.docx` हा ९ एमबीचा दस्तऐवज पेन ड्राइव्हवर घेताना केवळ ६ एमबी उतरला आणि मूळ प्रत पुसली गेली, असे मानू. वर्ड तो उघडत नाही. अशा वेळी पुढील आज्ञा देतात.

```
zip -FF smaranika.docx --out navin.docx
unzip -t navin.docx
```

पहिली आज्ञा शेवटची नोंद सापडत नसल्याचे सांगून, संचिका एकाच भागाची आहे काय, असे विचारते. तेथे `y` असे उत्तर देतात. त्यानंतर सापडलेल्या घटकांची नावे एकामागून एक पडद्यावर येतात. दुसरी आज्ञा प्रत्येक घटकाची तपासणी करते. झिपमध्ये प्रत्येक घटकाचा सीआरसी-३२ हा पडताळा-अंक नोंदलेला असतो. तो जुळल्यास `OK`, न जुळल्यास `bad CRC` असे उत्तर मिळते. `word/document.xml` पुढे `OK` आले म्हणजे स्मरणिकेतील मुख्य मजकूर अक्षरशः मूळचाच आहे. ज्या ठिकाणी संचिका तुटली तेथील छायाचित्र व त्यापुढील घटक मात्र मिळत नाहीत.

`navin.docx` मधील काही घटक नसल्यामुळे वर्ड पुन्हा तक्रार करू शकते. लिबरऑफिसनेही तो उघडला नाही, तर केवळ मजकूर बाहेर काढतात.

```
unzip -p navin.docx word/document.xml > majkur.xml
```

ही संचिका साध्या मजकूर संपादकात यूटीएफ-८ संकेतनात उघडली असता लेखन `<w:t>` या खुणांच्या मध्ये वाचता येते. परिच्छेदांची मांडणी व अक्षरशैली हाताने पुन्हा करावी लागते.

मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत येथे एक गैरसमज संभवतो. शिवाजी किंवा श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर या संचिकेत देवनागरीत दिसत नाही, तर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसते. पडताळा-अंक जुळला असेल तर तो मजकूर शाबूत असतो. त्याला मूळ टंक लावल्यास किंवा तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणल्यास वाचता येतो.

== मर्यादा ==

संचिका शेवटी न तुटता मध्ये बिघडली असेल, तर ज्या घटकात बिघाड आहे त्याचेच नुकसान होते. इतर घटक स्वतंत्र असल्याने वाचतात. बिघडलेल्या घटकाचाही बिघाडापूर्वीचा भाग बहुधा वाचता येतो. त्यापुढील भाग मात्र सहसा परत मिळत नाही, कारण डिफ्लेट या संकोचनपद्धतीत पुढील मजकूर अनेकदा आधीच्या मजकुराचा संदर्भ देऊन लिहिलेला असतो. म्हणून सर्व मजकूर एकाच घटकात असलेला दस्तऐवज आरंभीच बिघडला, तर थोडेच हाती लागते.

काही संचिकांचा आकार बरोबर दिसतो, पण आत केवळ शून्ये असतात. अशा संचिकेत `PK` ही अक्षरे कोठेही आढळत नाहीत आणि तीतून काहीही काढता येत नाही. परवलीचा शब्द लावून साठवलेला डॉकएक्स दस्तऐवज बाहेरून झिप नसतो, त्यामुळे त्याला ही पद्धत लागू होत नाही. जुन्या डॉक स्वरूपाची रचनाही वेगळी आहे, म्हणून तेथेही `zip` आज्ञेचा उपयोग होत नाही.