सायनस की मायग्रेन?

सर्दीत कपाळ ठणकलं की ‘सायनस वाढलाय’ असं घरोघरी म्हटलं जातं. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ सांगणारे, पण संसर्गाची लक्षणं नसलेले सुमारे 3,000 जण तपासले गेले. त्यांतल्या 88 टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारात मोडलं!

फसवतं ते नाक. मायग्रेनमध्ये चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस चेतवली जाते, त्यामुळे नाक चोंदतं, पाणी गळतं. पण ते पातळ, स्वच्छ असतं. सायनसला जंतुसंसर्ग झाला की सहसा घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास कळेनासा होतो.

मळमळ, उजेड नकोसा होणं, जिना चढताना ठणका वाढणं ही मायग्रेनची लक्षणं. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं, पण कामं करू देणारं दुखणं बहुधा ताणाचं. डोळ्याभोवती सूज आली किंवा मान ताठरली, तर तातडीने डॉक्टर गाठावा.