पान मोजायचे की पावती?

जाहिरात एजन्सीकडे जाणाऱ्या पत्रांपैकी एक पत्र दिसायला अगदी किरकोळ असते. त्यात नवी जाहिरात मागितलेली नसते किंवा बजेट वाढवलेले नसते. मोहिमेचे मुख्य कन्व्हर्जन ‘पान पाहिले’ याऐवजी ‘खरेदी झाली’ असे करावे, एवढीच मार्केटिंग व्यवस्थापकाची मागणी असते. सेटिंग्जमध्ये हा बदल काही मिनिटांत होतो. पण त्यानंतर जाहिरात कोणाला दिसणार, पैसा कुठे जाणार आणि महिन्याच्या अहवालात काय छापून येणार, हे सगळे बदलते.

ऑनलाइन जाहिरातीत कन्व्हर्जन म्हणजे जाहिरात पाहणाऱ्याने करावी अशी अपेक्षित कृती. पान उघडणे, वस्तू टोपलीत टाकणे, नाव-पत्ता भरणे, पैसे देणे यांपैकी कोणतीही कृती कन्व्हर्जन ठरवता येते. गुगल आणि मेटा यांच्या जाहिरात यंत्रणांसाठी हा नुसता मोजणीचा प्रश्न नसतो. जाहिरातीची एखादी जागा रिकामी झाली की तिथल्या तिथे लिलाव होतो, आणि समोरची व्यक्ती ठरवून दिलेली कृती करण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधून यंत्रणा बोली लावते. कृती ‘पान पाहणे’ असेल, तर ती पाने उघडणारी माणसे शोधते आणि कृती ‘खरेदी’ असेल, तर खरेदी करणारी. सांगितलेले काम ती चोख बजावते. न सांगितलेल्या कामाशी तिला देणेघेणे नसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातील एक मसालेविक्रेता आपल्या संकेतस्थळावरून गोडा मसाला, मेतकूट आणि चटण्या विकतो. सरासरी ऑर्डर ९०० रुपयांची. महिनाभर दोन मोहिमा चालल्या आणि प्रत्येकीवर ६०,००० रुपये खर्च झाले. पहिल्या मोहिमेने ४०,००० वेळा पान उघडले गेले, म्हणजे एका वेळेचा खर्च दीड रुपया. दुसरीने १०,००० वेळा, म्हणजे एका वेळेचा खर्च सहा रुपये. पान हेच कन्व्हर्जन धरले, तर पहिली मोहीम दुसरीपेक्षा चौपट स्वस्त ठरते. एजन्सी तसे अभिमानाने लिहिते आणि पुढच्या महिन्यात तिकडेच जास्त पैसे वळवण्याचा सल्ला देते.

दुकानाची ऑर्डरवही मात्र वेगळे सांगते. पहिल्या मोहिमेतून ६० ऑर्डरी आल्या, दुसरीतून १५०. एका ऑर्डरमागे पहिलीत १,००० रुपये खर्च झाले, दुसरीत ४००. पहिलीत ६०,००० रुपये घालून ५४,००० रुपयांची विक्री झाली, म्हणजे मसाल्याची किंमत धरण्याआधीच तोटा. दुसरीत तेवढ्याच पैशांत १,३५,००० रुपयांची विक्री झाली. पहिल्या मोहिमेतल्या पाहुण्यांत चुकून बोट लागलेले आणि फोटो पाहून लगेच परत फिरलेले असे बरेच जण असतात, आणि पान मोजणाऱ्या यंत्रणेच्या लेखी तेही यशच असते. हा फरक लक्षात आला की व्यवस्थापक पत्र लिहायला बसतो. चांगले पत्र साधारण असे असते :

‘विषय : मुख्य कन्व्हर्जन बदलण्याबाबत. स. न. वि. वि. येत्या सोमवारपासून आमच्या सर्व मोहिमांचे मुख्य कन्व्हर्जन पान पाहण्याऐवजी पूर्ण झालेली खरेदी असे ठेवावे. पानांची मोजणी बंद करू नये, ती फक्त माहितीसाठी राहू द्यावी. प्रत्येक खरेदीसोबत ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि चलन यांची नोंद व्हावी. बदलापूर्वी कार्ड, यूपीआय आणि कॅश ऑन डिलिव्हरी अशी प्रत्येकी एक चाचणी ऑर्डर टाकून नोंद बरोबर होते का ते कळवावे. सध्याच्या दोन मोहिमा एकत्र कराव्यात आणि पहिले दोन आठवडे त्यांत मोठे बदल करू नयेत. अहवालात जुन्या व नव्या कन्व्हर्जनची तुलना न करता दोन्ही काळांतील प्रत्यक्ष ऑर्डरी शेजारी शेजारी मांडाव्यात. कळावे.’

यातली दुसरी सूचना सहज नजरेआड होते. गुगल अ‍ॅड्समध्ये कन्व्हर्जनचे दोन दर्जे असतात, मुख्य आणि दुय्यम. बोली लावताना मुख्य कृतींचा विचार होतो आणि दुय्यम कृती केवळ नोंदीसाठी राहतात. नेहमी होणारी चूक अशी, की एजन्सी खरेदीला मुख्य करते, पण पानालाही मुख्यच राहू देते. मग वरच्या उदाहरणात ५०,००० पाने आणि २१० खरेद्या एकाच रकान्यात जमा होतात. त्या गर्दीत खरेदीचा आवाज यंत्रणेला ऐकूच जात नाही आणि ती पूर्वीसारखीच पानांच्या मागे धावते. बदल झाल्याचा निरोप येऊनही कन्व्हर्जनचा आकडा हजारांतच राहिला, तर हीच गफलत झाली असे समजावे. मेटाच्या मोहिमेत केवळ नाव बदलून भागत नाही. मोहीम विक्रीच्या उद्दिष्टाची असावी लागते आणि तिच्यात Purchase ही घटना निवडावी लागते.

तिसरी सूचना तांत्रिक वाटते, पण तिच्यावरच सगळा हिशेब उभा असतो. पान मोजणे सोपे, कारण पान उघडले की नोंद होते. खरेदीची नोंद मात्र पैसे जमा झाल्यावर, एकदाच आणि योग्य रकमेनिशी व्हावी लागते. गुगलसाठी संकेतस्थळावरून जाणारी नोंद अशी दिसते :

```
gtag('event', 'purchase', {
  transaction_id: 'M-1042',
  value: 900,
  currency: 'INR'
});
```

ही नोंद बहुधा ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ या पानावर ठेवलेली असते. ग्राहकाने ते पान पुन्हा उघडले की नोंदही पुन्हा जाते. ऑर्डर क्रमांक सोबत असेल, तर गुगल अ‍ॅड्स तीच ऑर्डर ओळखून दुसऱ्यांदा मोजत नाही. मेटाकडे एकच खरेदी ब्राउझरमधून आणि दुकानाच्या सर्व्हरवरून अशी दोन्हीकडून कळवली जात असेल, तर दोन्ही नोंदींना समान event_id द्यावा लागतो, नाहीतर एका पाकिटाची दोन पाकिटे होतात.

भारतात याच्या उलट चूकही वारंवार होते. यूपीआयने पैसे देताना ग्राहक फोनवरच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, पैसे देतो आणि काम झाले म्हणून फोन खिशात टाकतो. धन्यवादाचे पान उघडतच नाही. पैसे जमा होतात, मसाला घरी पोहोचतो, पण जाहिरात यंत्रणेच्या दृष्टीने खरेदी झालेलीच नसते. त्यावर उपाय म्हणजे पेमेंट गेटवेकडून पैसे मिळाल्याचा निरोप आला की दुकानाच्या सर्व्हरनेच ती खरेदी कळवणे. इथे आणखी एक सापळा असतो. काही गेटवे रक्कम पैशांत कळवतात, त्यामुळे ९०० रुपये तिथे ९०००० असे येतात. शंभराने न भागता तोच आकडा पुढे पाठवला, तर अहवालातली विक्री एका रात्रीत शंभरपट दिसते. म्हणूनच पत्रात तीन प्रकारच्या चाचणी ऑर्डरी मागितलेल्या असतात.

कॅश ऑन डिलिव्हरीची अडचण निराळी आहे. ग्राहकाने बटण दाबले की खरेदीची नोंद होते, पण पैसे पार्सल घेतल्यावरच मिळतात. काही पार्सले दारातून परत येतात. ती वजा केली नाहीत, तर यंत्रणा पार्सल नाकारणाऱ्या ग्राहकांनाही चांगले गिऱ्हाईक समजते आणि तशीच माणसे आणखी शोधते. गुगल अ‍ॅड्समध्ये ऑर्डर क्रमांकाच्या आधारे कन्व्हर्जन मागे घेता येते किंवा त्याची रक्कम दुरुस्त करता येते. ऑर्डर क्रमांक पहिल्यापासून नोंदवण्याचा हा दुसरा फायदा.

मोहिमा एकत्र करण्याच्या मागणीमागे साधे गणित आहे. खरेदी ही पान उघडण्याच्या मानाने फार क्वचित घडते, आणि थोड्या उदाहरणांवरून यंत्रणेला शिकता येत नाही. मेटाच्या सूचनेनुसार एका जाहिरात संचाला शिकण्याचा टप्पा ओलांडायला आठवड्याला साधारण ५० कन्व्हर्जन लागतात. मसालेविक्रेत्याच्या महिन्याच्या २१० ऑर्डरी म्हणजे आठवड्याला जेमतेम ४९. त्या दोन मोहिमांत विभागल्या, तर दोन्ही अर्धशिक्षित राहतात. एकत्र केल्या, तर काठावर का होईना, जमते. मध्येच बजेटमध्ये मोठी वाढ केली किंवा कृती पुन्हा बदलली, तर शिकणे नव्याने सुरू होते. ज्या दुकानाला आठवड्याला दहाच ऑर्डरी येतात, तिथे थेट खरेदीवर उडी मारण्यापेक्षा काही काळ ‘टोपलीत टाकले’ किंवा ‘पैसे भरायला सुरुवात केली’ यावर मोहीम चालवणे शहाणपणाचे. या कृती पानापेक्षा खरेदीच्या जवळच्या असतात आणि शिकायला पुरतील इतक्या वेळा घडतात.

बदलानंतरचा पहिला अहवाल धक्का देणारा असतो. महिन्याला ५०,००० असणारी कन्व्हर्जन २१० वर येतात. एका कन्व्हर्जनचा खर्च २ रुपये ४० पैशांवरून ५७१ रुपयांवर जातो. ज्याला आधी कल्पना दिलेली नाही तो मालक एजन्सीला फोन लावतो. प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते. पूर्वी पाने मोजली जात होती, आता पावत्या मोजल्या जातात. या दोन आकड्यांची तुलना म्हणजे दुकानासमोरून गेलेल्यांची पावती घेऊन गेलेल्यांशी तुलना.

ताजे आकडेही थोडे फसवतात. जाहिरातीवर बोट लावून माणूस चार दिवसांनी ऑर्डर देऊ शकतो. गुगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या कन्व्हर्जन रकान्यात ती ऑर्डर बोट लावल्याच्या दिवशी मांडली जाते. म्हणून गेल्या दोन-तीन दिवसांची कन्व्हर्जन कमी दिसतात आणि नंतर भरून निघतात. शिवाय गुगल आणि मेटा दोघेही एकाच ऑर्डरचे श्रेय आपापल्या खात्यात मांडू शकतात. त्यामुळे दोघांचे आकडे जोडून एकूण विक्री काढता येत नाही.

खरी तपासणी शेवटी दुकानाच्या ऑर्डरवहीवरच होते. आठवड्यातून एकदा वहीतील ऑर्डरी आणि अहवालातील खरेद्या शेजारी ठेवाव्यात. अहवालातला आकडा वहीपेक्षा मोठा असेल, तर बहुधा दुहेरी मोजणी होते आहे. फारच लहान असेल, तर यूपीआयच्या वाटेवर नोंदी गळत असण्याचा संभव अधिक. ऑर्डरींची संख्या जुळूनही रक्कम जुळत नसेल, तर रुपये आणि पैसे यांची गल्लत आधी पाहावी. सगळ्याच ऑर्डरी काही जाहिरातीमुळे येत नाहीत, त्यामुळे दोन आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नसते. त्यांच्यातले अंतर आठवड्यामागून आठवडा साधारण सारखे राहिले, की मोजणीवर विसंबायला हरकत नाही.