अक्षरांतून उमटणारा चेहरा

१९६६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी एक छायाचित्र संगणकात घातलं आणि त्यातल्या राखाडी छटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्सची बारीक चिन्हं बसवली. बारा फुटांच्या त्या चित्राजवळ उभं राहिलं की नुसती चिन्हं दिसत. लांब गेलं की पहुडलेली स्त्री दिसे. फोटोचं अक्षरचित्र आजही त्याच तत्त्वावर होतं. अक्षर कुठलं, याला महत्त्व नाही. ते आपली चौकट किती काळी करतं, एवढंच पाहायचं.

एका व्यक्तीचा उभा फोटो घेऊ, १२०० पिक्सेल रुंद आणि १६०० उंच. चित्र ८० अक्षरं रुंद करायचं, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला १५ पिक्सेलची रुंदी येते. उंचीही १५ धरली तर १०७ ओळी होतात आणि चेहरा दुप्पट लांबतो, कारण अक्षराची चौकट चौरस नसते. कुरिअर फॉन्टमध्ये i असो की W, प्रत्येकाची रुंदी फॉन्टच्या आकाराच्या ०.६ पट असते आणि ओळींमधलं अंतर बहुधा १.२ पट ठेवतात. चौकट उंचीच्या निम्मीच रुंद असते, म्हणून ओळीही निम्म्या करायच्या:

```
80 × (1600 ÷ 1200) × 0.5 ≈ 53
```

आता प्रत्येक चौकटीत १५ गुणिले ३०, म्हणजे ४५० पिक्सेल येतात आणि त्यांच्या उजेडाची सरासरी ही त्या चौकटीची छटा. हा ०.५ मात्र सगळीकडे चालत नाही. फॉन्ट किंवा ओळींमधलं अंतर बदललं की तो बदलतो. आधी एका वर्तुळाचं चित्र करून पाहावं. वर्तुळ उभ्या अंड्यासारखं आलं तर आकडा कमी करायचा, आडवं पसरलं तर वाढवायचा.

छटेचं अक्षर करायला चिन्हांची उतरंड लागते. पांढऱ्या कागदासाठी फिकटाकडून गडदाकडे जाणारी ही दहा चिन्हांची उतरंड बरीच वापरली जाते:

```
 .:-=+*#%@
```

पहिली मोकळी जागा हेही एक चिन्हच आहे. काळ्या पडद्यावर अक्षरंच उजेड देतात, तिथे उतरंड उलटी करावी लागते. ती करायची राहिली की फोटोच्या निगेटिव्हसारखे काळे दात आणि पांढरे केस दिसतात.

सत्तर चिन्हांची लांब उतरंडही मिळते, पण चेहऱ्यासाठी मी छोटीच घेईन. लांब उतरंडीत शेजारच्या दोन अक्षरांच्या शाईत फरक जेमतेम असतो, त्यांच्या आकारात मात्र बराच. त्यामुळे गुळगुळीत गालावर खरखर दिसते. शाई चौकटीत कुठे पडते हेही पाहावं लागतं. `_` तळाशी बसतं, `^` माथ्याशी. अशी चिन्हं उतरंडीत घातली तर सपाट भागात आडव्या रेघा उमटतात. शिवाय फॉन्ट बदलला की क्रमही हलू शकतो. शंका आली तर प्रत्येक अक्षर मोठं रेखाटून त्यातले काळे पिक्सेल मोजावेत आणि त्याप्रमाणे क्रम लावावा.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती कॉन्ट्रास्टमुळे. उजेड ० ते २५५ असा मोजतात. घरातल्या मंद प्रकाशात काढलेल्या फोटोत तो समजा ६० ते १९० एवढाच असतो. मग दहापैकी मधली सहाच चिन्हं वापरली जातात. कागदावर ना एकही मोकळी जागा, ना एकही `@`. म्हणून उतरंड लावण्याआधी छटा ताणून घ्यायच्या:

```
(v - 60) × 255 ÷ 130
```

यात ६० चा ० होतो आणि १९० चा २५५. पण चष्म्यावर चमकणारा एखादा ठिपका २५५ असेल, तर सगळ्यात उजळ पिक्सेल म्हणून तोच धरला जातो आणि उजळ बाजूला ताण बसत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांचे एक-दोन टक्के पिक्सेल हिशेबाबाहेर ठेवतात. ताण जास्त झाला तर कपाळ कोरं पडतं आणि केसांचा `@` चा सलग ठोकळा होतो.

तरीही चेहरा ओळखू येत नसेल, तर फोटो कापायला हवा. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी असते. चेहऱ्याने चित्राची पाव रुंदी व्यापली असेल, तर ८० पैकी २० अक्षरं चेहऱ्याला आणि एका डोळ्याला फक्त चार मिळतात. चारांत बुबुळ दिसत नाही. चेहरा निम्म्या रुंदीएवढा होईल असा फोटो कापला की डोळ्याला आठ अक्षरं मिळतात आणि नजर कुठे आहे ते कळू लागतं.

हेच देवनागरीत करायला गेलं तर शिरोरेषा आडवी येते. तिच्यामुळे प्रत्येक ओळीच्या माथ्यावर पट्टा उमटतो, शिवाय मात्रा आणि जोडाक्षरं एका ठरावीक रुंदीत बसत नाहीत. व्हॉट्सॲपवर चित्र पाठवायचं तर मजकुराच्या आधी आणि नंतर तीन बॅकटिक टाकावे लागतात, तरच अक्षरं समान रुंदीची होतात. पण फोनच्या पडद्यावर ८० अक्षरांची ओळ मावत नाही. ती मोडून खाली येते आणि चित्र विस्कटतं. तिथे संगणकावरचा स्क्रीनशॉटच पाठवावा.