माइक ३०० ओहमचा, प्रीअँप १,५०० ओहमचा. तरी जोडी योग्यच! काय आहे इम्पिडन्स ब्रिजिंग?

नवा माइक आणि ऑडिओ इंटरफेस घेताना अनेक जण एका आकड्यापाशी अडतात. माइकच्या माहितीपत्रकावर १५० किंवा ३०० ओहम लिहिलेले असते, तर प्रीअँपच्या इनपुटला १,५०० किंवा ३,००० ओहम. आकडे जुळत नाहीत म्हणजे जोडी चुकली का? तर नाही. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. त्यालाच 'इम्पिडन्स ब्रिजिंग' म्हणतात.

व्होल्टेजची वाटणी

इम्पिडन्स म्हणजे सिग्नलच्या प्रवाहाला होणारा अडथळा. माइकमध्ये तयार झालेले व्होल्टेज माइकचा स्वतःचा इम्पिडन्स आणि प्रीअँपचा इनपुट इम्पिडन्स यांच्यात वाटले जाते. ज्याचा आकडा मोठा, त्याचा वाटा मोठा. प्रीअँपला व्होल्टेजच वाढवायचे असते, म्हणून मोठा वाटा त्याच्याकडे जायला हवा.

गायकांच्या हातात हमखास दिसणाऱ्या शुअर एसएम५८ चे उदाहरण घेऊ. त्याचा प्रत्यक्ष इम्पिडन्स ३०० ओहम आहे. समजा, त्यात २ मिलिव्होल्ट तयार झाले. प्रीअँप १,५०० ओहमचा असेल, तर त्याला सुमारे १.६७ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे घट फक्त १.६ डेसिबल. प्रीअँपही ३०० ओहमचा घेऊन 'मॅचिंग' केले, तर मिळतो निम्माच, म्हणजे १ मिलिव्होल्ट. घट ६ डेसिबल. ती भरून काढायला गेन वाढवावा लागतो आणि प्रीअँपची स्वतःची खरखर जास्त ऐकू येते.

मग मॅचिंग आले कुठून?

जुन्या टेलिफोन यंत्रणेतून. तिथे तारा मैलोन्‌मैल लांब असत. अशा लाइनवर आवाज परत उलटून प्रतिध्वनी येऊ नये आणि जास्तीत जास्त शक्ती पुढे पोहोचावी, यासाठी दोन्ही टोकांना ६०० ओहम ठेवण्याची पद्धत पडली. स्टुडिओतली केबल मात्र काही मीटरची असते. २० किलोहर्ट्झच्या सिग्नलची केबलमधली तरंगलांबी सुमारे १० किलोमीटर भरते. त्यामुळे इथे तो प्रश्न उद्भवत नाही.

गडबड कुठे होते?

एकच माइक साध्या वाय-केबलने दोन मिक्सरना जोडला, की १,५०० ओहमचे दोन इनपुट मिळून ७५० ओहम होतात. एसएम५८ ची घट मग सुमारे ३ डेसिबलवर जाते. रिबन माइकवर असा भार जास्त जाणवतो. त्याचा इम्पिडन्स खालच्या स्वरांपाशी वाढतो, त्यामुळे आवाज पातळ वाटू लागतो. अशा वेळी बफर असलेला अॅक्टिव्ह स्प्लिटर वापरतात. इनपुट माइकच्या किमान पाचपट, शक्यतो दहापट असावा, हा साधा हिशेब.

वायरलेस माइकच्या अँटेना केबलला मात्र आजही मॅचिंग लागते. तिथे ५० ओहमची केबल ५० ओहमच्याच रिसीव्हरला जोडावी लागते, कारण रेडिओ लहरींची लांबी एक मीटरच्याही आत येते.